मोगरा फुलत नाही? ऊन कुठल्या महिन्यात येतं ते बघा : बाल्कनीतल्या सुगंधी झाडांबाबत या चुका टाळा

आम्ही फोंड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तो मे महिना होता. हॉलची बाल्कनी उत्तरेची, तरी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी तिथे तिरपं, स्वच्छ ऊन यायचं. मी खूश! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कळ्यांनी भरलेली मोगऱ्याची तीन रोपं आणली. आणलेल्या कळ्या फुलल्या आणि तिथेच सगळं थांबलं. पावसाळ्यात पानं हिरवीगार झाली, फांद्या वेलीसारख्या लांबत गेल्या. पुढचा मार्च आला तरी कळीचा पत्ता नाही. मी शेणखत वाढवलं, तशी पानं आणखी वाढली.

चूक खताची नव्हती, दिशेची होती. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारीही आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उत्तरेच्या बाल्कनीला खरं ऊन मिळतं ते याच दिवसांत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त दिवस पावसाच्या ढगांत जातात. मोगऱ्याला कळ्या धरायला ऊन हवं फेब्रुवारी-मार्चपासून, आणि तेव्हा तिथे नुसता उजेड असतो. मेमध्ये जागा बघून रोप घेणारा हमखास फसतो.

दक्षिणेची बाल्कनी याच्या उलट फसवते. डिसेंबरात ऊन थेट घरात शिरतं, म्हणून वाटतं जागा छान आहे. पण एप्रिलमध्ये सूर्य माथ्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. मोगऱ्यासाठी म्हणूनच पूर्व किंवा पश्चिम बरी. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर उत्तम, चार तासांतही भागतं, त्याहून कमी असेल तर मोगऱ्याचा नाद सोडावा. पश्चिमेला एक अडचण आहे. जूनपासून वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आत येतो, तेव्हा कुंडी भिंतीलगत ओढावी आणि खालची ताटली काढून ठेवावी.

आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेची एक अरुंद बाल्कनी आहे, कपडे वाळत घालायची. डिसेंबरात मोगऱ्याच्या कुंड्या तिकडे नेल्या. जमिनीपासून फूटभर ठेवून फांद्या छाटल्या, उरलेली पानं काढली आणि आठवडाभर पाणी अगदी कमी केलं. मग वरची माती हलवून दोन मुठी कुजलेलं खत घातलं आणि पाणी पुन्हा सुरू केलं. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, जुन्या लांब फांद्या सांभाळून काही हाती लागत नाही. मार्चमध्ये त्याच झाडांनी ओंजळ भरली. कपडे आता गच्चीवर वाळतात, त्यावरून घरात अजून बोलणी खाते.

कळ्या येऊनही जांभळट होऊन वाळत असतील तर एक कळी उघडून बघा. आत अळी किंवा बारीक भोक दिसलं की दोष उन्हाचा नाही. तशा कळ्या तोडून घराबाहेर टाकाव्यात आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

रातराणीचं उलट आहे. ती कमी उन्हातही बऱ्यापैकी फुलते, चूक होते ती जागेत. मी ती झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवली होती. बहर आला त्या रात्री वास इतका दाटला की खिडकी लावून घ्यावी लागली आणि सकाळी डोकं जड. आता ती स्वयंपाकघराच्या टोकाला आहे, तिथलं दार रात्री बंद असतं. खालच्या वहिनी मात्र म्हणतात, ‘तुमच्या रातराणीने आमच्याकडे साप येतील हं!’ वासाने साप येत नाही. खरी काळजी घ्यायची ती तिच्या पांढऱ्या फळांची. ती विषारी असतात, लहान मुलं असलेल्या घरात दिसली की लगेच खुडावीत.

चाफा घेताना आधी नाव पक्कं करा, कारण ‘चाफा द्या’ म्हटलं की काहीही हातात पडतं. देवळाजवळ दिसणारा पांढरा देवचाफा वेगळा आणि सोनचाफा वेगळा. देवचाफ्याची फांदी लावली तरी येते, पण भरपूर ऊन हवं. पावसाळ्यात माती ओली राहिली की खोड बुडाशी मऊ पडून कुजतं. तिथे बोट दाबून बघायची सवय ठेवा. नुसत्या तांबड्या मातीत लावू नका, ती कुंडीत घट्ट बसते. निम्मी माती आणि निम्म्यात जाडी वाळू, खत असं करा.

सोनचाफा बियांपासून केलेला असेल तर फुलासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि तो उंच झाड व्हायला बघतो. बाल्कनीसाठी कलमीच घ्या. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता खोडाच्या खालच्या भागात जोडाची गाठ बघा. गाठीच्या खालून धुमारा फुटला तर तो लगेच काढा, नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचं कलम मरतं. मोठी, दीड फूट रुंदीची कुंडी लागते, तेव्हा बाल्कनी लहान असेल तर चाफा एकच ठेवा. माझ्या उत्तरेच्या बाल्कनीत आता फक्त नेचे आहेत.