स्क्रीनशॉटमध्ये न सापडणारा बिघाड क्लिपमध्ये कसा पकडायचा

समजा, सोसायटीच्या अ‍ॅपमधून मेंटेनन्स भरायचा आहे. पान उघडतं, ‘पैसे भरा’ बटण दिसतं, तुम्ही बोट टेकवणार तेवढ्यात वर जाहिरातीची पट्टी उगवते. सगळं पान खाली सरकतं आणि बोट पडतं भलत्याच ठिकाणी. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट पाठवायचा म्हटलं तर कुठला पाठवणार? पट्टी येण्याआधीचं पान ठीक दिसतं, नंतरचंही ठीकच दिसतं. गडबड आहे ती मधल्या अर्ध्या सेकंदात. मग तिकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’

अशा वेळी स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवावी. अँड्रॉइड ११ पासून ही सोय सिस्टीममध्येच आहे, वेगळं अ‍ॅप लागत नाही. वरून दोनदा खाली ओढलं की झटपट सेटिंग्जमध्ये Screen record ची टाइल दिसते. नसेल तर पेन्सिलच्या खुणेवर टॅप करून ती वर आणून ठेवा.

सुरू करण्याआधी तिथल्या पर्यायांत Show touches on screen चालू करा. कंपनीनुसार हे नाव थोडं वेगळं असतं. यामुळे जिथे जिथे बोट टेकेल तिथे क्लिपमध्ये ठिपका उमटतो, आणि आपल्या उदाहरणात सगळा पुरावा त्या ठिपक्यातच आहे. ठिपका नसेल तर बघणारा सरळ म्हणेल, तुम्हीच चुकीच्या जागी दाबलंत. आयफोनवर असा साधा पर्याय मिळत नाही. तिथे कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबून धरा, मायक्रोफोन चालू करा आणि ‘आता पैसे भरा दाबतोय’ असं बोलत बोलत रेकॉर्ड करा.

नव्या अँड्रॉइडमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी एकच अ‍ॅप रेकॉर्ड करता येतं. तो पर्याय दिसला तर तोच घ्या, म्हणजे मध्येच आलेला ओटीपी किंवा घरच्या ग्रुपवरचा मेसेज क्लिपमध्ये येणार नाही. नसेल तर Do Not Disturb लावा.

आता खरी अडचण. आपण रेकॉर्ड करायला बसलो की बिघाड हमखास रुसतो. त्याला कारण असतं: पट्टीचं चित्र एकदा फोनमध्ये साठलं की पुढच्या वेळी ते लगेच येतं, पान सरकत नाही. म्हणून अ‍ॅप आधी पूर्ण बंद करा, सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या स्टोरेजमध्ये जाऊन Clear cache दाबा. शेजारचं Clear storage किंवा Clear data मात्र दाबू नका, लॉगिनसकट सगळं पुसलं जाईल. मग घरचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर या. नेट हळू असलं की पट्टी उशिरा येते आणि उडी स्पष्ट दिसते. रेकॉर्डिंग आधी सुरू करायचं, अ‍ॅप त्यानंतर उघडायचं. बोट सावकाश चालवा आणि चूक झाली की दोन सेकंद काही न करता थांबा, म्हणजे काय उघडलं ते नीट दिसेल.

पाठवण्याआधी क्लिप स्वतः बघा. बिघाड डोळ्यांना दिसला होता, पण क्लिपमध्ये नाही, असंही होतं. त्याची दोन कारणं असू शकतात. लुकलुक एखाद्या फ्रेमपुरतीच असेल तर रेकॉर्डरकडून ती निसटते, कारण स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलत असताना तो कदाचित ३०च फ्रेम टिपत असतो. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. रेकॉर्डर काचेवर दिसणारं टिपत नाही, फोन पडद्याकडे जे चित्र पाठवतो ते टिपतो. डिस्प्लेच खराब असेल तर क्लिप अगदी स्वच्छ येते. दोन्ही वेळा दुसऱ्या फोनने स्लो मोशनमध्ये पडद्याचं शूटिंग करा. त्यात सगळ्याच अ‍ॅपमध्ये लुकलुक दिसली आणि रेकॉर्डिंग मात्र दर वेळी स्वच्छ आलं, तर अ‍ॅपवाल्यांशी भांडू नका, सर्व्हिस सेंटर गाठा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये क्लिप सरसकट काळी आली तर तो बिघाड नाही. बरीच अ‍ॅप सुरक्षेसाठी रेकॉर्डिंग मुद्दाम अडवतात.

गॅलरीच्या एडिटमध्ये क्लिप छाटा. चुकीच्या आधीचे तीन-चार सेकंद राहू द्या, शेवटी रेकॉर्डिंग थांबवायला पडदा खाली ओढल्याचा तुकडा काढा. दहा-पंधरा सेकंद पुष्कळ झाले. फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर कुठे दिसतोय का, तेही तेव्हाच बघून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर व्हिडिओ म्हणून नको, Document म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या क्लिपमध्ये ठिपका अंधुक होतो. सोबत एवढं लिहा:

‘अँड्रॉइड १४, मोबाइल डेटा. अ‍ॅप उघडल्यावर ‘पैसे भरा’ दाबायला गेलो. सहाव्या सेकंदाला वर पट्टी आली, बटण खाली सरकलं, बोट पट्टीवर पडलं आणि जाहिरात उघडली. कॅशे पुसून पहिल्यांदा उघडल्यावर दर वेळी होतं, लगेच पुन्हा उघडल्यावर होत नाही.’