गोळ्यांमुळे कानात आवाज येऊ लागला तर काय करावे

आधी गेल्या आठवड्यातली सगळी औषधे मात्रेसह कागदावर लिहा. अंगाला चोळायचे विंटरग्रीन तेलही लिहा, कारण ॲस्पिरिनप्रमाणे त्यातही सॅलिसिलेटच असते.

मग मात्रा पाहा. हृदयासाठी दिलेल्या 75 ते 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिनने सहसा हा त्रास होत नाही, त्यामुळे ती गोळी स्वतःहून बंद करू नका. दिवसाला तीन-चार ग्रॅम जात असतील तर मात्र संशय रास्त आहे. अशा वेळी आवाज दोन्ही कानांत येतो आणि दोन्हीकडून सारखेच कमी ऐकू येते. एकाच कानाला अचानक कमी ऐकू आले तर गोळीला दोष देत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांनी ॲस्पिरिन थांबवले की पुढची पायरी म्हणजे वाट पाहणे, आणि चूक इथेच होते. मी श्रवण तपासण्या करते. सुरुवातीच्या काळात सांधेदुखीसाठी रोज चार ग्रॅम घेणारे एक गृहस्थ आले होते. दोन्ही कानांत सुमारे 30 डेसिबलची घट होती. औषध थांबवून एकच दिवस झाला असताना मी पुन्हा तपासले. फारसा फरक दिसला नाही आणि मी त्यांना म्हणाले, ‘नस कायमची गेली असावी.’ तिसऱ्या दिवशी त्यांचे ऐकणे पूर्ववत झाले होते. मधल्या दोन रात्री ते माझ्यामुळे झोपले नव्हते.

थोड्या मात्रेतले सॅलिसिलेट दोन-तीन तासांत निम्मे होते. मोठ्या मात्रेपुढे यकृताची क्षमता अपुरी पडते आणि त्याच कामाला 15 ते 30 तास लागतात, हे मी तेव्हा ध्यानात घेतले नव्हते. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी आवाज वाढवून देतात. सॅलिसिलेट त्यांची हालचाल रोखते, पण पेशी मरत नाहीत. म्हणून औषध उतरले की ऐकणे परत येते, बहुधा एक ते तीन दिवसांत. फेरतपासणी तिसऱ्या दिवसाआधी करूच नका. आठवडा उलटूनही आवाज टिकला तर दुसरे कारण शोधायला हवे.

‘कान वाजेपर्यंत मात्रा वाढवा’ हा जुना सल्ला मला मुळीच पटत नाही. ज्येष्ठांना आधीच कमी ऐकू येत असेल तर विषबाधा होईपर्यंतही आवाज जाणवेलच असे नाही. श्वास जलद झाला, उलट्या होऊ लागल्या किंवा बोलणे असंबद्ध झाले तर लगेच रुग्णालय गाठा.

मलेरियावरच्या क्विनाइनचे वेगळे आहे. पूर्ण मात्रेत कानात आवाज येणे अपेक्षितच असते आणि कोर्स संपल्यावर तो बहुतेकांचा जातो. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, पण कोर्स अर्धवट सोडू नका, कारण उरलेला मलेरिया जीव घेऊ शकतो. नजर अंधुक झाली तर मात्र पुढच्या गोळीआधीच डॉक्टरांना गाठा.