भाड्याशिवाय लंबगोल बोके

दोन दिवसांच्या शॉर्टफिल्मसाठी अ‍ॅनामॉर्फिक लेन्सचं भाडं झेपत नव्हतं. पुण्यातल्या झेड ब्रिजवरच्या रात्रीच्या एकाच सीनला तो लूक, म्हणजे मागच्या धूसर दिव्यांचे लंबगोल ठिपके अर्थात बोके आणि आडवा फ्लेअर, हवा होता, म्हणून ५० एमएम एफ १.८ वर हा जुगाड केला.

१. काळ्या कार्डशीटची चकती कापा. मधोमध २६ मिमी उंच, १३ मिमी रुंद लंबगोल भोक पाडा.

२. जुन्या यूव्ही फिल्टरच्या रिंगमध्ये बसवून लेन्सवर चढवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच ठेवा. बंद केलंत तर दिवे पुन्हा गोल दिसू लागतात.

३. भोकावर मासेमारीची नायलॉन दोरी उभी ताणून चिकटवा. दोरी उभी, की फ्लेअर आडवा. स्कूटरचा हेडलाइट समोरून आला की रेघ उमटते, पण निळी नव्हे, दिव्याच्याच रंगाची.

उजेड साधारण सव्वा स्टॉप कमी होतो, आयएसओ वाढवावा लागतो. वाइड लेन्सवर मात्र कोपरे काळे पडतात.

अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चित्र आडवं दाबते, तो स्क्वीझ यातून मिळत नाही; २.३९:१ ची रुंद फ्रेम वर-खाली कापूनच करा. तसं २एक्स अ‍ॅनामॉर्फिक लेन्स आणली तरी १६:९ सेन्सरवर चित्र उलगडल्यावर उंचीच्या ३.५६ पट रुंद होतं आणि २.३९ साठी त्यातली एक तृतीयांश रुंदी फेकावीच लागते. आमच्या कॅमेऱ्याला ही काटछाट परवडलीच नसती.