ब्लँकची लांबी: K-फॅक्टर स्वतः काढा

२ मिमी सीआर शीटचा एल ब्रॅकेट घ्या. बाहेरून ५० आणि ३० मिमी, बेंड ९० अंश, आतली त्रिज्या २ मिमी. ५० आणि ३० ची बेरीज करून ८० मिमीची पट्टी कापली, तर पार्ट हमखास मोठा येतो.

आधी प्रत्येक बाजूतून त्रिज्या अधिक जाडी, म्हणजे ४ मिमी वजा करा. सपाट भाग ४६ आणि २६ उरतात. मधल्या वळणाची लांबी BA अशी. R म्हणजे आतली त्रिज्या, T जाडी आणि K म्हणजे K-फॅक्टर: वाकताना न ताणला जाणारा, न दबणारा थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती पटीवर आहे ते:

```
BA = (π/180) × A × (R + K×T)
```

K ०.४२ धरला तर BA ४.४६ आणि ब्लँक ७६.४६ मिमी. इथे A म्हणजे शीट जितकी वळली तो कोन. ड्रॉइंगवर दोन बाजूंमधला कोन १२० दिला असेल तर A ६० घ्यायचा. ९० ला दोन्ही सारखेच असल्याने ही चूक लपून राहते.

पण ०.४२ हा तक्त्यातला आकडा, तुमच्या प्रेसब्रेकचा नव्हे. त्याच शीटची बरोबर १०० मिमी पट्टी कापा, ९० अंशात वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०३.७ आली तर:

```
BA = 100 - (103.7 - 8) = 4.3
K = (4.3/1.571 - 2) / 2 = 0.37
```

म्हणजे खरा ब्लँक ७६.३ मिमी. एका बेंडला ०.१६ चा फरक किरकोळ वाटतो, पण सहा बेंडच्या पार्टमध्ये तो जवळपास १ मिमी होतो आणि भोकं जुळत नाहीत. त्रिज्या मात्र रेडियस गेजने मोजूनच घ्या. एअर बेंडिंगमध्ये ती व्ही-डायच्या रुंदीवर ठरते, म्हणून डाय बदलली की चाचणीपट्टी पुन्हा वाकवायची.