एसएलआर टेबल: स्टेट २ मध्ये कॉन्फ्लिक्ट आला? आधी या चुका टाळा

नागपुरात सेमिस्टर संपत आलं की कंपायलरच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास कानी पडतं: "सर, स्टेट दोनमध्ये कॉन्फ्लिक्ट येऊन राहिला." बहुतेक वेळा ग्रामर बरोबर असतं, चूक टेबल भरण्यात असते. हे ग्रामर घ्या:

```
0: E' -> E
1: E -> T + E
2: E -> T
3: T -> id
```

स्टेट 0 मध्ये चारही प्रॉडक्शन येतात, सगळ्यांचा डॉट सुरुवातीला. त्यावरून T वर पुढे गेलं की स्टेट 2 मिळते: `E -> T . + E` आणि `E -> T .`. पहिला आयटम `+` वर शिफ्ट मागतो, दुसरा रिड्यूस. इथे पोरं अख्ख्या ओळीत r2 लिहून टाकतात आणि `+` च्या खान्यात s4 शी टक्कर होते. ती एलआर(0) ची पद्धत झाली. एसएलआरमध्ये रिड्यूस फक्त डाव्या बाजूच्या फॉलो सेटमध्ये लिहायचा. E नंतर कधीच `+` येत नाही, त्याचा फॉलो फक्त `$`. म्हणून r2 एकाच खान्यात बसतो आणि भांडण मिटतं. T चा फॉलो मात्र `+` आणि `$`, त्यामुळे r3 दोन्हीकडे.

स्टेट 4 मध्ये क्लोजर अर्धवट सोडू नका. `E -> T + . E` मुळे E चे दोन नियम आले. त्यांच्यात डॉटपुढे T आहे, म्हणजे `T -> . id` सुद्धा हवा. तो राहिला तर `id + id` हे इनपुट प्लसनंतरच्या `id` वर अडकतं.

स्टेट 4 वरून T वर गेलात की तेच दोन आयटम मिळतात, म्हणजे परत स्टेट 2. तिला नवा नंबर दिला तर तिच्यातून `+` वर पुन्हा नवी स्टेट निघते आणि ही रांग संपतच नाही. स्टेट सहाच हव्यात:

```
     id   +    $     E   T
0    s3              1   2
1              acc
2         s4   r2
3         r3   r3
4    s3              5   2
5              r1
```

s पुढचा आकडा स्टेटचा, r पुढचा प्रॉडक्शनचा. s3 आणि r3 यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

टेबल बरोबर असूनही ट्रेस चुकतो तो बहुधा रिड्यूसनंतर. `id + id` मध्ये शेवटी स्टॅकवर 0 2 4 2 असतं. r2 ने एक स्टेट काढली की वर 4 उरते, म्हणून E साठी ओळ 4 बघायची आणि 5 टाकायची. सवयीने ओळ 0 बघून 1 टाकलीत तर पार्सर लगेच accept म्हणतो, पण 0 च्या वर 2 आणि 4 तशाच पडून असतात. अशा वेळी टेबल खोडू नका, ट्रेस परत लिहा.