श्रावणाचे दर तारखेवर नको, तिथीवर लावा

त्र्यंबक रस्त्यावर होमस्टे असेल तर गेल्या वर्षीच्या ऑगस्टचे आकडे जसेच्या तसे यंदाच्या ऑगस्टवर ठेवू नका. ब्रह्मगिरीच्या फेरीची मोठी गर्दी तिसऱ्या श्रावणी सोमवारी असते. तो सोमवार 2025 मध्ये 11 ऑगस्टला होता; 2026 मध्ये अधिक मासामुळे थेट 31 ऑगस्टला येतो. माझी हीच चूक झाली होती. भाव चढवून बसलो आणि खोल्या रिकाम्या.

म्हणून बुकिंगच्या वहीत तारखेशेजारी तिथी आणि वार लिहा. मग दिसेल की खोल्या भरतात त्या रविवारी रात्री, कारण फेरीवाले पहाटेच निघतात. सोमवारी दुपारी थकून परततात, पाय धुतात, चिखलाचे कपडे काढतात आणि बरेचसे गावी जातात.

आमच्या चार खोल्यांचं उदाहरण घ्या. रविवारचा नेहमीचा दर 2,200, त्या रविवारी 3,000. म्हणजे 3,200 जास्त मिळतात. 700 रुपये रोजाने दोन मदतनीस सोमवारी लावले तर 1,400 जातात. रविवारी जादा माणूस लागत नाही. खरी धावपळ सोमवारच्या चादरी-टॉवेलांची. सोमवार रात्रीचा दर मात्र चढवू नका, उलट ‘दुसरी रात्र 1,500’ म्हणा. धुलाई, नाश्ता, कमिशन मिळून खोलीमागे 700 खर्च असेल, तरी 800 उरतात.

2027 च्या सिंहस्थाचे आकडे वेगळ्या वहीत ठेवा. ते 2028 च्या अंदाजात मिसळले तर माणसं उगाच जास्त घ्याल.