परिसमापनात सुरक्षित धनकोची जागा नेमकी कोठे असते?

परिसमापनाचा, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, अभ्यास सुरू करणाऱ्या बहुतेकांना देण्यांचा क्रम आधीपासून तोंडपाठ असतो: प्रथम सुरक्षित धनको, नंतर अग्रहक्काचे, त्यानंतर असुरक्षित आणि सर्वांत शेवटी भागधारक. हा क्रम पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो, कारण नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 मध्ये सुरक्षित धनकोला, म्हणजे तारण घेऊन कर्ज देणाऱ्याला, एकच जागा दिलेली नाही. त्याने तारणाचे काय केले यावरून त्याची जागा ठरते. परीक्षेच्या तयारीत मला सर्वांत जास्त छळले ते याच मुद्द्याने, म्हणून त्यावरच सविस्तर लिहीत आहे.

कलम 53 नुसार पहिल्या पायरीवर नादारी निराकरण प्रक्रियेचा व परिसमापनाचा खर्च येतो, आणि तो पूर्ण भागल्याशिवाय पुढे काहीही वाटले जात नाही. दुसऱ्या पायरीवर दोघे समान दर्जाने बसतात: कामगारांची मागील 24 महिन्यांची देणी आणि तारण सोडून देणारा सुरक्षित धनको. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांची 12 महिन्यांची देणी, मग असुरक्षित वित्तीय धनको येतात. पाचव्या पायरीवर सरकारी देणी असतात आणि त्यांच्याच शेजारी तारण स्वतः विकूनही ज्याची बाकी उरली तो सुरक्षित धनको. माल पुरवणारे व्यापारी त्याच्याही खाली, ‘उर्वरित देणी’ या पायरीवर असतात. 24 महिन्यांपूर्वीची थकीत मजुरीसुद्धा तेथेच जाते.

म्हणजे एकच बँक दुसऱ्या पायरीवरही असू शकते आणि पाचव्याही. कलम 52 तिला निवड देते: तारण परिसमापकाच्या सामायिक मालमत्तेत सोडून द्यावे, किंवा स्वतः विकून वसुली करावी. विनियमांनी हा निर्णय कळवण्यासाठी परिसमापन सुरू झाल्यापासून 30 दिवसांची मुदत दिली होती, आणि गप्प बसणाऱ्या बँकेचे तारण सामायिक मालमत्तेत गेले असे धरले जाई. या तरतुदींत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा प्रत्यक्ष काम करताना त्या दिवशी लागू असलेला पाठ उघडून वाचावा.

आता आकडे घालून पाहू. बँकेचे येणे 50 कोटी, तारण ठेवलेल्या यंत्रांची किंमत 30 कोटी, इतर मालमत्ता 20 कोटी, खर्च 5 कोटी, कामगारांची देणी 10 कोटी आणि असुरक्षित कर्जदात्यांचे येणे 30 कोटी असे धरा. बँकेने तारण सोडले, तर एकूण 50 कोटींतून खर्च वजा जाता 45 कोटी उरतात आणि दुसऱ्या पायरीवरचे दावे 60 कोटींचे असतात. प्रत्येकाला रुपयामागे 75 पैसे मिळतात: कामगारांना साडेसात कोटी, बँकेला साडेसदतीस कोटी. खाली कोणालाही काही मिळत नाही.

बँकेने यंत्रे स्वतः विकली, तर 30 कोटी येतात, पण त्यातूनही खर्चातला व कामगारांच्या देण्यातला आपला वाटा तिला द्यावा लागतो. उरलेली किमान 20 कोटींची बाकी पाचव्या पायरीवर जाते, आणि असुरक्षित कर्जदात्यांचे 30 कोटी भागण्याआधीच पैसा संपत असल्याने तेथे तिला काहीच मिळत नाही. ‘आपले तारण आपल्या हाती’ हा पर्याय वरवर सुरक्षित दिसतो, परंतु येथे तो साडेसात कोटींहून अधिक महाग पडतो. तारणाची किंमत कर्जाहून बरीच जास्त असेल, तर मात्र हिशेब उलटा होऊ शकतो. म्हणून निर्णयापूर्वी दोन्ही बाजूंचा तक्ता मांडावा. हा तक्ता न मांडता नुसता क्रम पाठ करायला सांगणारा मार्गदर्शक, माझ्या मते, वेळ वाचवत नाही, वाया घालवतो.

याबाबत फार घाबरण्याचे कारण नाही. कलम 36, 52 आणि 53 शेजारी ठेवून वाचली की विषयाचा मोठा भाग उलगडतो. कलम 36 विसरू नये, कारण भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतून कामगार-कर्मचाऱ्यांना देय असलेल्या रकमा मुळात वाटपाच्या मालमत्तेतच येत नाहीत. त्यांना दुसऱ्या पायरीवर शोधणारा विद्यार्थी उदाहरणात हमखास अडखळतो.

जुन्या टिपणांपासून मात्र सावध राहा. 1956 च्या कंपनी कायद्यात ठरावीक काळातील करांना अग्रहक्क होता. संहितेने सरकारी देणी पाचव्या पायरीवर उतरवली. तरीही 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेनबो पेपर्स प्रकरणात गुजरातच्या मूल्यवर्धित कर कायद्याखालील बोजामुळे राज्याला सुरक्षित धनको मानले होते. त्यामुळे दावा सरकारचा दिसला की थेट पाचवी पायरी लिहू नका. संबंधित कायद्याने मालमत्तेवर बोजा निर्माण केला आहे का, आणि संहितेचा त्या दिवशी लागू असलेला पाठ अशा बोजाला तारण मानतो का, हे आधी तपासा.